दोघेही कमावते झाल्यापासून दर एप्रिलला कर भरावा लागतो: फायलिंग स्टेटस, विथहोल्डिंग आणि रिफंड यांचा गुंता

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी जोडप्यांकडून दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. दोघांच्याही पगारातून वर्षभर कर कापला गेलेला असतो, कुठलेही उत्पन्न लपवलेले नसते, आणि तरीही विवरणपत्र भरताना शेवटच्या पानावर काही हजार डॉलर भरण्याची सूचना येते. पैसे भरले जातात, सॉफ्टवेअरला दोष दिला जातो, आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा घडते. बहुतेक घरांत याचे मूळ कंपनीला दिलेल्या डब्ल्यू-४ या अर्जातील एका न टिचकवलेल्या चौकटीत असते. मात्र ती चौकट का महत्त्वाची आहे हे कळण्यासाठी तीन शब्दांचा अर्थ नीट लागावा लागतो.

माझा भाचा डलासला असतो. २०२३ मध्ये तो एकटाच नोकरी करत होता. त्याच्या पत्नीला एच-४ व्हिसावर काम करण्याचा परवाना मिळाला आणि जानेवारी २०२४ पासून तीही कामाला लागली. मार्च २०२५ मध्ये त्याचा फोन आला, "मामा, नऊ हजार सहाशे अठरा डॉलर भरा म्हणतंय. मागच्या वर्षी एक डॉलरही भरावा लागला नव्हता. हिचा तर प्रत्येक पगारातून कर कापलाय!" त्याचे म्हणणे खरे होते. कर कापला होता, पण पुरेसा कापला नव्हता. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नसल्यामुळे त्याचे उदाहरण समजायला सोपे आहे, म्हणून पुढचे सगळे आकडे त्याच्याच घरचे घेतो. ते २०२४ च्या दरांनुसार आहेत. टप्पे आणि वजावट दरवर्षी बदलतात, उदाहरणार्थ जोडप्याची प्रमाणित वजावट २०२४ मध्ये २९,२०० डॉलर होती ती २०२५ साठी ३१,५०० झाली, पण गणिताची रीत तीच राहते.

विथहोल्डिंग म्हणजे अंदाज

विथहोल्डिंग हा आपल्याकडच्या टीडीएसचाच भाऊ आहे. कंपनी दर पगारातून काही रक्कम कापून तुमच्या नावाने सरकारकडे भरते. फरक असा की भारतात कंपनीचे लेखा खाते तुमच्याकडून गुंतवणुकीचे तपशील आणि पुरावे मागवते, फेब्रुवारी-मार्चमध्ये हिशेब जुळवते आणि त्यामुळे निव्वळ पगारदार माणसाचा कर वर्षअखेरीस बहुतेक वेळा पूर्ण कापून झालेला असतो. अमेरिकेत असा वर्षअखेरचा मेळ कंपनी घालत नाही. ती फक्त दोन गोष्टी पाहते: या पंधरवड्याचा पगार किती, आणि तुम्ही डब्ल्यू-४ वर काय लिहून दिले आहे. हाच पगार वर्षभर मिळेल असे ती गृहीत धरते, त्यावरचा वार्षिक कर काढते आणि त्याला पगारांच्या संख्येने भागते. तुमच्या जोडीदाराला पगार आहे का, पुण्यातल्या बँकेत ठेवीवर व्याज जमा होते का, हे तुम्ही सांगितल्याशिवाय तिला कळण्याचा मार्गच नाही.

या गृहीतकामुळेच जुलैत नव्याने कामाला लागलेल्या माणसाला पहिल्या वर्षी अनेकदा चांगला रिफंड मिळतो. कापताना पूर्ण वर्षाच्या पगाराचा दर लावलेला असतो आणि प्रत्यक्षात उत्पन्न सहाच महिन्यांचे असते. हा रिफंड पाहून आपला अर्ज बरोबर भरला आहे अशी समजूत होते, आणि ती पुढे महागात पडते.

एक खुलासा इथेच करून ठेवतो. पगाराच्या चिठ्ठीवर सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के या कपाती वेगळ्या दिसतात. त्या आयकर नव्हेत आणि आयकराच्या हिशेबात त्या सहसा मोजल्या जात नाहीत. जानेवारीअखेरपर्यंत मिळणाऱ्या डब्ल्यू-२ या पत्रकात आयकराची कपात दुसऱ्या चौकटीत असते, आणि या दोन कपाती चौथ्या व सहाव्या चौकटीत असतात. सगळ्या कपातींची बेरीज करून "एवढे तर कापलेच आहेत" असे म्हणणारा दर दहा जणांत एक तरी भेटतोच.

फायलिंग स्टेटस आणि भारतातून आणलेली सवय

भारतात नवरा आणि बायको यांचे कर वेगवेगळे असतात. लग्न झाले म्हणून कराचा टप्पा बदलत नाही, त्यामुळे "विवाहित" हा शब्द अर्जावर दिसला की आपण तो जन्मतारखेसारखी एक माहिती समजून भरतो. अमेरिकेच्या विवरणपत्रावर मात्र फायलिंग स्टेटस ही कराचे टप्पे आणि वजावट ठरवणारी गोष्ट आहे. एकूण पाच प्रकार आहेत: सिंगल, मॅरिड फायलिंग जॉइंटली, मॅरिड फायलिंग सेपरेटली, हेड ऑफ हाउसहोल्ड आणि क्वालिफाइंग सर्व्हायव्हिंग स्पाउस. तुम्ही विवाहित आहात की नाही हे ३१ डिसेंबरच्या स्थितीवरून ठरते. त्या दिवशी लग्न झालेले असेल तर संपूर्ण वर्षासाठी तुम्ही विवाहित.

यातल्या हेड ऑफ हाउसहोल्ड या शब्दाने मराठी माणसाला विशेष फसवले आहे. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून नाव लागलेला गृहस्थ इथेही निःशंकपणे तीच ओळ निवडतो. इथला अर्थ अगदी वेगळा आहे: ही सवलत मुख्यतः अविवाहित, किंवा कायद्याने अविवाहित मानल्या जाणाऱ्या, अशा माणसासाठी आहे, जो घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भार उचलतो आणि ज्याच्यावर मूल किंवा ठरावीक नातलग अवलंबून आहे. बायकोसोबत एकाच घरात राहणाऱ्या, दोघेही कररहिवासी, म्हणजे करापुरते अमेरिकेचे रहिवासी मानले गेलेले, अशा जोडप्यातील नवऱ्याला ती मिळत नाही. वजावट मोठी असल्यामुळे रिफंड फुगलेला दिसतो, आणि पुढे सरकारचे पत्र आले की तो व्याजासह परत करावा लागतो.

दुसरी चूक पत्नी अजून भारतातच असलेल्यांची. ती इथे नाही म्हणून "सिंगल" निवडता येत नाही, कारण लग्न ठाण्यात झाले काय आणि डलासला झाले काय, ते लग्नच आहे. वर्षअखेरीस तुम्ही अमेरिकेचे कररहिवासी असाल तर साधारणपणे दोन मार्ग उरतात. एक म्हणजे वेगळे भरणे. दुसरा म्हणजे पत्नीलाही कररहिवासी मानावे असे दोघांच्या सहीचे निवेदन जोडून एकत्र भरणे. दुसऱ्या मार्गात तिचा तिकडचा पगार आणि व्याजही इथल्या विवरणपत्रात दाखवावे लागते, आणि तिच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल तर डब्ल्यू-७ अर्जाने करदात्याचा स्वतंत्र क्रमांक मिळवावा लागतो. तिला तिकडे मोठा पगार असेल तर दोन्ही बाजूंनी हिशेब करून पाहिल्याशिवाय हा मार्ग निवडू नये.

बिघाड नेमका कुठे होतो

आता भाच्याचा हिशेब पाहू. त्याच्या डब्ल्यू-२ च्या पहिल्या चौकटीत ९५,००० डॉलर होते, तिच्या ८५,०००. दोघांनीही कंपनीच्या पोर्टलवर डब्ल्यू-४ भरताना मॅरिड फायलिंग जॉइंटली निवडले होते. ते खोटे नव्हते, ते एकत्रच भरणार होते. पण दुसऱ्या पायरीतील चौकट दोघांनीही कोरी सोडली होती.

त्याच्या कंपनीने असे मानले की या जोडप्याचे एकूण उत्पन्न ९५,००० आहे. त्यातून जोडप्याची २९,२०० ची वजावट गेली, ६५,८०० उरले. जोडप्यासाठी पहिल्या २३,२०० वर १० टक्के आणि त्यापुढे ९४,३०० पर्यंत १२ टक्के, म्हणून वर्षभरात ७,४३२ डॉलर कापले. तिच्या कंपनीनेही स्वतंत्रपणे तसेच मानले: ८५,००० वजा २९,२००, उरले ५५,८००, कर ६,२३२. एकच वजावट दोन ठिकाणी दिली गेली आणि १० व १२ टक्क्यांचे स्वस्त टप्पेही दोन्हीकडे शून्यापासून वापरले गेले. दोघांचे मिळून कापले गेले १३,६६४.

विवरणपत्रावर मात्र दोन्ही पगार एकावर एक रचले जातात. एकूण १,८०,०००, त्यातून वजावट एकदाच, उरले १,५०,८००. पहिल्या २३,२०० वर २,३२०; पुढच्या ७१,१०० वर १२ टक्क्यांनी ८,५३२; आणि उरलेल्या ५६,५०० वर २२ टक्क्यांनी १२,४३०. एकूण कर २३,२८२. त्यातून १३,६६४ वजा केले की ९,६१८ उरतात. फोनवर भाच्याने सांगितलेला आकडा डॉलरपर्यंत जुळतो. सॉफ्टवेअरची चूक नव्हती आणि कोणी जास्तीचा करही लावला नव्हता. २२ टक्क्यांच्या टप्प्यात पडणारे उत्पन्न दोन्ही कंपन्यांपैकी एकीलाही दिसले नव्हते, एवढेच.

तुमच्या घरी हाच बिघाड आहे का हे पाहायला वर्ष संपण्याची वाट पाहू नका. पगाराची चिठ्ठी काढा आणि करविषयक माहितीच्या ओळीत कोणते स्टेटस नोंदले आहे ते वाचा. मग आयकराच्या कपातीला त्याच चिठ्ठीवरील करपात्र पगाराने भागा. भाच्याला वर्षात २६ पगार होतात. एका पगारात ३,६५४ डॉलर आणि कपात २८६, म्हणजे जेमतेम ७.८ टक्के. पूर्ण विवरणपत्रावर त्याच जोडप्याचा कर एकूण पगाराच्या १२.९ टक्के येतो. दोघे कमावते असून दोघांच्याही चिठ्ठ्यांवर कपात सात-आठ टक्क्यांवर अडकलेली असेल आणि एकत्रित पगार या उदाहरणाच्या आसपास असेल, तर एप्रिलची भरणी नक्की समजा.

पहिल्या वर्षी दंड का लागला नाही

कमी कर कापला गेला तर तुटीवर व्याजासारखा दंड लागतो. २०२४ मध्ये त्याचा दर वार्षिक ८ टक्के होता. भाच्याला मात्र तो लागला नाही, आणि त्यामुळेच त्याने ही गोष्ट एकदाच घडलेला अपघात मानली असती. नियम असा आहे की तूट १,००० डॉलरपेक्षा कमी असेल, किंवा चालू वर्षाच्या कराच्या ९० टक्के भरला गेला असेल, किंवा मागील वर्षाच्या संपूर्ण कराइतकी रक्कम भरली गेली असेल, तर दंड नाही. २०२३ मध्ये तो एकटा ९०,००० कमावत होता आणि जोडप्याचा कर ७,०३६ होता. २०२४ मध्ये कापलेले १३,६६४ त्याहून अधिक, म्हणून तो सुटला.

पण २०२५ साठी मागील वर्षाचा कर म्हणजे २३,२८२. शिवाय मागील वर्षाचे समायोजित उत्पन्न १,५०,००० च्या वर गेले की १०० ऐवजी ११० टक्के लागतात, म्हणजे साधारण २५,६१०. चौकट कोरीच राहिली असती तर या वेळी कपात यातल्या कुठल्याच कसोटीला उतरली नसती, आणि भरण्याच्या रकमेवर दंडाची ओळही आली असती. तक्रार करणारे बहुतेक जण दुसऱ्या वर्षीच का जागे होतात, त्याचे कारण हे आहे.

दुरुस्ती

डब्ल्यू-४ च्या दुसऱ्या पायरीत (सी) क्रमांकाची एक लहान चौकट आहे. घरात एकूण दोनच नोकऱ्या असतील तर दोघांनीही आपापल्या अर्जावर ती टिचकवायची. त्यानंतर प्रत्येक कंपनी जोडप्याची अर्धी वजावट आणि अर्धे टप्पे धरून हिशेब करते. त्याची कपात १२,७४१ होते, तिची १०,५४१, आणि बेरीज बरोबर २३,२८२. दर पगारात त्याचे सुमारे २०४ आणि तिचे १६६ डॉलर जास्त जातात, हातात पडणारा पगार कमी दिसतो, आणि एप्रिलमध्ये देणे-घेणे जवळपास शून्यावर येते.

चौकट एकाच अर्जावर टिचकवणे ही अगदी नेहमीची अर्धवट दुरुस्ती आहे. समजा फक्त त्याने टिचकवली असती तर १२,७४१ आणि ६,२३२ मिळून १८,९७३ कापले गेले असते आणि तूट ४,३०९ उरली असती. आकडा निम्म्यावर आल्यामुळे माणसाला वाटते की फरक पडला, उरलेले काहीतरी वेगळे कारण असेल. म्हणून बदल केल्यावर दोघांच्याही पुढच्या दोन चिठ्ठ्या तपासाव्यात. कंपनीला नवा अर्ज लागू करायला सुमारे महिनाभर मुभा असते, त्यामुळे पहिल्याच पगारात बदल दिसला नाही तर घाबरायचे कारण नाही. तिसऱ्यातही दिसला नाही तर मनुष्यबळ विभागाला विचारावे.

या चौकटीला एक मर्यादा आहे. कमी पगाराची नोकरी जास्त पगाराच्या निम्म्याहून अधिक असेल तर चौकटीचा हिशेब चांगला जुळतो. एकाला ९५,००० आणि दुसऱ्याला अर्धवेळ कामाचे ३०,००० असतील, तर गरजेपेक्षा जास्त कापले जाते. तेव्हा अर्जासोबतचे कोष्टक भरून किंवा सरकारच्या संकेतस्थळावरील विथहोल्डिंग एस्टिमेटर वापरून जादा कपातीची नेमकी रक्कम काढावी आणि ती चौथ्या पायरीतील (सी) रकान्यात, फक्त जास्त पगाराच्या अर्जावर लिहावी. मुलांची सूटही तिसऱ्या पायरीत एकाच अर्जावर, त्याच जास्त पगाराच्या, दाखवायची असते. दोघांनीही ती लिहिली की पुन्हा तोच घोळ दुसऱ्या दाराने आत येतो. भारतातल्या ठेवींवरचे व्याज कररहिवाशाला इथे करपात्र असते, एनआरई खात्यावरचेसुद्धा, जरी ते भारतात करमुक्त असले तरी. त्याचा वार्षिक अंदाज चौथ्या पायरीच्या (ए) रकान्यात लिहिला तर त्यावरचा करही पगारातूनच हळूहळू जातो.

चूक वर्षाच्या मध्यात सापडली तर चौकट एकटी पुरत नाही, कारण ती मागची तूट भरून काढत नाही. समजा भाच्याला हे ऑगस्ट २०२४ मध्ये, १६ पगार झाल्यावर कळले असते. दोघांची मिळून दर पगाराची तूट सुमारे ३७० डॉलर, म्हणजे तोपर्यंत साचलेली ५,९१९. चौकट टिचकवल्यावर पुढचे दहा पगार बरोबर कापले जातील, आणि जुनी तूट त्या दहांत वाटली तर एका अर्जाच्या चौथ्या पायरीतील (सी) रकान्यात ५९२ लिहावे लागतील. पगारातून उशिरा कापलेला कर वर्षभर समान हप्त्यांत भरला असे सरकार मानते, त्यामुळे दंड टाळण्यासाठी स्वतंत्रपणे हप्ता भरण्यापेक्षा हा मार्ग सोयीचा. मात्र ते ५९२ जानेवारीच्या पहिल्या पगाराआधी पुसायला विसरू नये, नाही तर पुढचे वर्षभर ते कापले जात राहतील.

रिफंड आला म्हणून

१०४० या विवरणपत्रावर चारच ओळी शांतपणे वाचाव्यात. २४ व्या ओळीत एकूण कर, ३३ व्या ओळीत भरलेली एकूण रक्कम. दुसरी मोठी असेल तर फरक ३४ व्या ओळीत येतो आणि तो परत मिळतो. पहिली मोठी असेल तर फरक ३७ व्या ओळीत येतो आणि भरावा लागतो. रिफंड म्हणजे जास्त कापलेले तुमचेच पैसे, तेही बिनव्याजी वर्षभर दुसऱ्याकडे राहिलेले. भाचा मला म्हणाला, "ऑफिसातल्या मित्राला चार हजार मिळाले, त्याला सल्लागार चांगला भेटला असणार." मी त्याला मित्राच्या २४ व्या ओळीत किती आहे ते विचारायला सांगितले. कर कमी लागला की नाही हे त्याच ओळीवरून ठरते. ३४ व्या ओळीवरून फक्त कपातीचा अंदाज किती चुकला ते कळते.

रक्कम भरायची असेल तर ती १५ एप्रिलपर्यंत भरावी. ४८६८ या अर्जाने १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते ती विवरणपत्र दाखल करण्यासाठी, पैसे भरण्यासाठी नव्हे. उशिरा भरलेल्या रकमेवर महिन्याला अर्धा टक्का दंड आणि वर व्याज लागते. आधीच्या वर्षांत चुकीचे स्टेटस निवडले गेले असेल तर १०४०-एक्स हे दुरुस्तीपत्रक भरून ते सुधारता येते. आणि ज्या राज्यांत आयकर आहे तिथे राज्याच्या कपातीसाठी वेगळा अर्ज असू शकतो, न्यू जर्सीत एनजे-डब्ल्यू४ आणि कॅलिफोर्नियात डीई-४. केंद्राचा अर्ज सुधारला म्हणून तो आपोआप सुधारत नाही, तोही त्याच बैठकीत उघडून पाहावा.